केस स्टडी लिहिताय? मग शेवटचं पान पहिल्या दिवशीच डोळ्यासमोर ठेवा

डाएटेटिक्सच्या पोस्टिंगमधली माझी पहिली केस स्टडी परत आली होती. २२ पानं, त्यातली ९ नुसती डायबेटिसची थिअरी, जी सिनियरच्या फाइलमधून जशीच्या तशी उतरवलेली. व्हायवाला बाईंनी सरळ शेवटचं पान उघडलं. "एचबीएवनसी ९.२ वरून ७ च्या खाली आणणार असं लिहिलंयस, फॉलोअप कधी घेतलास?" म्हटलं, १२ दिवसांनी. त्या काहीच बोलल्या नाहीत, फाइल मिटली. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, तो १२ दिवसांत काय कप्पाळ दिसणार! हे मला पाठ होतं हो, पण रिपोर्टमध्ये लावायचं सुचलंच नाही.

असेसमेंट, डायग्नोसिस, इंटरव्हेन्शन, मॉनिटरिंग-इव्हॅल्युएशन हा क्रम तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे मी फक्त हे एकमेकांना कसं बांधायचं तेवढंच सांगते, कारण माझी माती तिथेच झाली.

पेशंट ५२ वर्षांचे काका, दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसून. वजन ७८ किलो, उंची १६५ सेंमी, बीएमआय २८.७. (आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, जुन्या फाइलींत ३० दिसेल, ते उतरवू नका.) काका म्हणाले, "साखर बंदच केलीय मी." मी लगेच लिहून मोकळी, साखर शून्य. बरं, आदल्या दिवशीच्या खाण्याचा रिकॉल घेतला शुक्रवारी, आणि काकांचा गुरुवार असतो, म्हणजे माझ्या "रोजच्या आहारात" दोन वेळा साबुदाणा खिचडी! उपवासाचा दिवस वेगळा आणि साधा दिवस वेगळा विचारा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी काकूंना बसवून विचारलं. चहा फिका असतो का? "छे, गुळाचा. गूळ चालतो ना?" दिवसाला ५ कप, कपाला दोन चमचे चिरलेला गूळ. चमचा काकूंनीच दाखवला, तसलाच घरी भरून वजन केलं तर साधारण ५ ग्रॅम. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम गूळ, पावणेदोनशेच्या वर कॅलरी नुसत्या चहातून. अख्खी केस या एका उत्तरात होती आणि पहिल्या रिपोर्टमध्ये त्याचा पत्ताच नव्हता.

आता डायग्नोसिस. इथे "टाइप २ डायबेटिस" लिहायचं नाही, ते डॉक्टरचं काम. आपलं वाक्य तीन तुकड्यांचं: प्रॉब्लेम, कारण, पुरावा. माझं दुसऱ्या वेळचं असं होतं: कार्बोहायड्रेटचं अतिसेवन, कारण गुळाने साखर वाढत नाही हा समज, पुरावा म्हणजे चहातून रोज ५० ग्रॅम गूळ आणि फास्टिंग शुगर १८२. आता गंमत बघा, इंटरव्हेन्शन जातं कारणावर आणि इव्हॅल्युएशन जातं पुराव्यावर. म्हणून पुरावा असा निवडा जो तुमच्या पोस्टिंगच्या आत परत मोजता येईल. एचबीएवनसी असेसमेंटमध्ये जरूर लिहा, पण ध्येय म्हणून टाकलंत तर तीन महिन्यांनी पेशंटला गाठायची तयारी ठेवा.

कारण "समज" असेल तर नुसता १५०० कॅलरीचा छापील डाएट चार्ट हातात देऊन काही होत नाही. (डाएट चार्टवरच मार्क मिळतात म्हणणाऱ्या सिनियरपासून लांब राहा, माझं स्पष्ट मत.) मी गूळ आणि साखरेचे चमचे शेजारी ठेवून दाखवले, दोन्हीने साखर वाढते हे समजावलं आणि ठरलं ते एवढंच: ३ कप, कपाला एकच चमचा. जेवणाचे बदल होते, पण ध्येय म्हणून हेच.

१२ दिवसांनी गूळ ५० वरून १५ ग्रॅमवर, फास्टिंग १५४. मी खुशीत "डाएट काउन्सेलिंग प्रभावी" लिहिणार होते, तेवढ्यात केस पेपर परत चाळला तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा डोस वाढवलेला. मग लिहिलं की गूळ कमी झाला हे काउन्सेलिंगनंतर, काका-काकू दोघांनी सांगितलेलं. फास्टिंग उतरलं त्यात औषधाचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही. वजन ६०० ग्रॅमने कमी दिसलं, तेवढा फरक कपड्या-पाण्यानेही पडतो, म्हणून नुसती नोंद केली. घाबरू नका, असं लिहिल्याने मार्क जात नाहीत. दुसऱ्या व्हायवाला बाईंनी शेवटचं पान वाचून मेटफॉर्मिनच्या ओळीवर पेनने टिक केली आणि विचारलं, "आणि गुरुवारचं काय ठरलं?"

ते मात्र मी विचारलंच नव्हतं.