अकाउंट्स असिस्टंटची चाचणी घेताय? या चुका टाळा

"टॅली येतं का?" आणि "जीएसटीचा अनुभव किती?" एवढं विचारून माणूस घेतला की तीन महिन्यांनी बँकेचा ताळा लागत नाही म्हणून ओरड सुरू होते. मग कुणीतरी चाचणी घ्यायचं सुचवतं आणि चाचणीही घाईघाईत केली जाते. खरं तर बँक रिकन्सिलिएशनचा, म्हणजे बीआरएसचा, एक छोटा नमुना पुरतो. एका पानावर बँक बुक, दुसऱ्या पानावर बँक स्टेटमेंट, दोन्हींत पंधरा-वीस ओळी आणि मुद्दाम पेरलेले पाच फरक.

उदाहरणार्थ, ३० जूनला बँक बुकात शिल्लक १,८४,३५० रुपये (डेबिट), तर स्टेटमेंटवर २,२२,२२० रुपये. पेरलेले फरक असे: पुरवठादाराला दिलेला २२,५०० चा चेक अजून वटलेला नाही. भरलेला १५,००० चा चेक जमा व्हायचा आहे. बँकेने जीएसटीसह ५९० रुपये चार्जेस कापलेत, त्यांची नोंद नाही. एका ग्राहकाचे ३१,८६० एनईएफटीने थेट आलेत, तेही बुकात नाहीत. आणि वाहतूकदाराला दिलेला ५,४८० चा चेक बुकात ४,५८० असा लिहिलाय.

आता सगळ्यात मोठी चूक: फक्त शेवटचा आकडा जुळला का, एवढंच बघणं. समजा, एका उमेदवाराने पहिले चार फरक बरोबर शोधले, पण वाहतूकदाराच्या चेकवर नजर गेली नाही. त्याने खाली प्रामाणिकपणे लिहिलं, "९०० चा फरक राहतो, ९ ने भाग जातो, कुठेतरी आकडे उलटे लागलेत का बघावं लागेल." दुसऱ्यालाही तो फरक सापडला नाही. त्याने "सस्पेन्स ९००" अशी ओळ टाकून ताळा जुळवला. फक्त बेरीज बघणारा दुसऱ्याला पास करतो आणि नेमका नको तो माणूस वर्षभर पगारावर ठेवतो. मार्चअखेरीस सस्पेन्स खातं उपसत बसायची वेळ येते ती अशी.

म्हणून गुण ओळीनुसार द्या, आणि किती ते पेपर वाटायच्या आधी लिहून ठेवा. २० गुणांत आमची वाटणी अशी: प्रत्येक फरक ओळखला तर १ आणि त्याचं पुढे काय करायचं हे बरोबर सांगितलं तर २, म्हणजे पाच फरकांचे १५. ताळा जुळल्याचे फक्त २. राहिलेले ३ गुण शंका नीट मांडल्याबद्दल. खरा कस "पुढे काय करायचं" या दोन गुणांच्या भागातच लागतो. न वटलेला चेक आणि जमा न झालेला चेक फक्त बीआरएसमध्ये दाखवायचे असतात, त्यांची नवी नोंद करायची नसते. चार्जेस, एनईएफटी आणि ९०० ची दुरुस्ती मात्र बुकात घ्यावीच लागते. ती घेतली की बुकाची शिल्लक २,१४,७२० होते, त्यात २२,५०० मिळवा, १५,००० वजा करा, स्टेटमेंटचा आकडा येतो. न वटलेल्या चेकची उलट नोंद करणारा उमेदवार बेरजेत कितीही पक्का असला तरी त्याला बीआरएस कळलेलं नाही.

दुसरी आवडती चूक म्हणजे टॅलीवरचा वेग मोजणं. F5 दाबलं की पेमेंट, F7 ला जर्नल, हे आठवड्यात हाताला बसतं. बिझी किंवा मार्ग सॉफ्टवेअरवर काम केलेला चांगला माणूस त्यामुळे हकनाक गळतो. चाचणी कागदावर किंवा साध्या एक्सेलमध्ये घ्या. टॅली बघायचंच असेल तर आधी दहा मिनिटं हात बसवायला द्या आणि त्याचे गुण वेगळे ठेवा.

वेळही अंदाजाने ठरवू नका. सध्या हे काम करणाऱ्याला पेपर सोडवायला द्या. त्याला अठरा मिनिटं लागली तर उमेदवाराला चाळीस द्या, कारण नवी जागा, अनोळखी खाती आणि समोर बसलेला साहेब. या रंगीत तालमीत पेपरातल्या चुकाही सापडतात. पाचाऐवजी सहा फरक निघाले, तर सहावा तुमच्या टायपिंगचा असतो आणि उमेदवार तो शोधण्यात अर्धा वेळ घालवतो.

खऱ्या पार्टीची नावं, खाते क्रमांक किंवा तुंबलेलं खरं काम चाचणीत देऊ नका. फुकटात काम काढून घेतात, हे उमेदवारांना कळतं.

चार्जेसमधला जीएसटी वेगळा दाखवला नाही म्हणून गुण कापू नका; स्टेटमेंटवर फक्त ५९० लिहिलं असेल तर त्याने फोड कुठून करायची? "बँकेचं टॅक्स इन्व्हॉइस मागावं लागेल" असं लिहिणाऱ्याला मात्र शंकेच्या गुणांतून द्या. त्यासाठी पानाच्या तळाशी "शंका / विचारायचे प्रश्न" असा चौकोन ठेवा आणि तो भरायचा आहे हे सगळ्यांना सुरुवातीलाच सारख्याच शब्दांत सांगा.

पेपर तपासणाऱ्याला नाव दिसू देऊ नका, वर फक्त क्रमांक. मालकाच्या ओळखीतला उमेदवार असेल तेव्हा तर नक्कीच.