इम्प्रेशन वाढली की थंबनेलचा सीटीआर का घसरतो, आणि तो कसा वाचायचा

समजा, सोलापुरातल्या एका चॅनलने उखळात कुटलेल्या शेंगा चटणीचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. थंबनेल लोकांपुढे जितक्या वेळा आलं ती त्याची इम्प्रेशन, आणि त्यातल्या जितके टक्के वेळा त्यावर क्लिक झालं तो सीटीआर. पहिल्या आठवड्यात हा सीटीआर ८.५ टक्के, दुसऱ्यात ४.८. अशा वेळी बरेच जण घाबरून लगेच थंबनेल बदलतात. तसं करू नका. आधी आकडा फोडून बघा.

संगणकावर Studio उघडा, त्या व्हिडिओच्या Analytics मध्ये जा आणि Advanced mode मध्ये Traffic source निवडा. दोन्ही आठवडे वेगवेगळे काढून प्रत्येक स्रोताची इम्प्रेशन आणि सीटीआर वहीत लिहून घ्या.

आपल्या उदाहरणात पहिल्या आठवड्यात सर्चमधून ३,००० इम्प्रेशन आणि १० टक्के सीटीआर, म्हणजे ३०० क्लिक. होमपेज वगैरे ज्यात मोडतं त्या Browse features मधून १,००० इम्प्रेशन, ४ टक्के, म्हणजे ४० क्लिक. दुसऱ्या आठवड्यात सर्चची ४,००० इम्प्रेशन, १०.५ टक्के, ४२० क्लिक. Browse मात्र एकदम ३६,००० वर गेलं, ४.२ टक्के, १,५१२ क्लिक. आता नीट बघा: दोन्ही ठिकाणी सीटीआर वाढलाय, तरी एकूण सरासरी जवळपास निम्म्यावर आली!

सर्चमध्ये येणारा माणूस ‘शेंगा चटणी’ असं टाइप करूनच आलेला असतो. होमपेजवरच्या माणसाने काहीच मागितलेलं नसतं, तो नुसता स्क्रोल करत असतो. व्हिडिओ अशा अनोळखी लोकांपुढे गेला की त्यांचा कमी टक्का सरासरीला खाली ओढतो. थंबनेल तेच असतं, बघणारे बदललेले असतात.

एकाच स्रोताच्या आतही हे घडतं. Browse मध्ये तुमचे सबस्क्रायबरही असतात आणि तुमचं नाव कधी न ऐकलेले लोकही. त्यामुळे तिथला टक्का थोडा उतरला, तरी इम्प्रेशन आणि व्ह्यू दोन्ही वाढत असतील आणि Average view duration टिकून असेल, तर थंबनेलला हात लावू नका.

काळजी कधी करायची? एकाच स्रोतात इम्प्रेशन तेवढीच राहून किंवा कमी होऊन सीटीआर पडत असेल तेव्हा. याच्या उलट प्रकारही तपासा: सीटीआर चांगला, पण लोक अर्ध्या मिनिटात निघून जातायत. मग थंबनेलवर जे दाखवलंय ते व्हिडिओत वेळेवर येत नाही. थंबनेलवर लालभडक चटणी आणि सुरुवातीची दोन मिनिटं नुसत्या गप्पा, असं झालं की लोक थांबत नाहीत.

यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो, पण नव्या किंवा १०० पेक्षा कमी व्ह्यूच्या व्हिडिओत तो याहून खूप वर-खाली होतो. म्हणून पहिल्या दिवसाच्या टक्क्यावर निर्णय घेऊ नका. थंबनेल बदललंच, तर बदलाआधीचे आणि नंतरचे सारखेच दिवस घ्या आणि तुलना एकाच स्रोतापुरती ठेवा.