इमर्जन्सी स्टॉप रिसेट होत नाही, किंवा स्वतःहूनच होतो: सेफ्टी रिलेचं वायरिंग आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर कसा शोधायचा

लाल मशरूम बटन दाबलं, मशीन थांबली, बटन फिरवून सोडलं, निळं रिसेट दाबलं आणि काहीच झालं नाही. अशा वेळी पॅनल उघडून पहिला हात जातो तो फीडबॅकच्या टर्मिनलवर लूप मारायला, कारण लूप मारला की मशीन खरंच चालू होते आणि प्रॉडक्शनवाले खूश होतात. तो लूप कधीच मारू नका. रिसेट न होणारा सेफ्टी रिले बहुतेक वेळा खराब नसतो, पुढचा एखादा कॉन्टॅक्टर सुटलेला नाही हे त्याला कळलेलं असतं म्हणून तो अडून बसलेला असतो.

आधी सर्किट डोळ्यासमोर आणा. मशरूम बटनाच्या मागे दोन एनसी कॉन्टॅक्ट असतात, म्हणजे एरवी जुळलेले आणि दाबल्यावर उघडणारे, ते दोन वेगळ्या चॅनलने रिलेवर येतात. रिलेचे आउटपुट दोन कॉन्टॅक्टरच्या कॉइल ओढतात, के१ आणि के२ म्हणू, आणि दोघांचे मेन पोल मोटरच्या लाइनमध्ये सिरीजमध्ये असतात म्हणजे एक चिकटला तरी दुसरा तोडतो. आता मुद्द्याची गोष्ट, के१ आणि के२ चे एनसी कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये घेऊन रिसेट बटनाच्या वायरमध्ये टाकलेले असतात. दोन्ही कॉन्टॅक्टर पूर्ण सुटले तरच ही वाट जुळते आणि रिसेट लागतो. काही रिलेंना फीडबॅकसाठी वाय१-वाय२ अशी वेगळी टर्मिनल असतात, काहींमध्ये तो रिसेटच्याच एस३३-एस३४ मध्ये येतो. नंबर कंपनीप्रमाणे बदलतात म्हणून तुमच्या रिलेचं डेटाशीट हातात ठेवूनच बसा.

पहिली पायरी मीटरची नाही, एलईडीची. बटन सोडलेलं असताना पॉवर आहे का आणि दोन्ही चॅनल आले का बघा (काही रिलेवर चॅनलचे एलईडी रिसेट झाल्यावरच लागतात, हेही डेटाशीटमध्ये मिळेल). मग बटन दाबून परत बघा. दाबल्यावर एक चॅनल गेला आणि दुसरा लागलेलाच राहिला तर बटनाचा एक कॉन्टॅक्ट उघडत नाहीये, किंवा केबलमध्ये दोन वायर एकमेकींना लागल्यात, किंवा कॉन्टॅक्ट ब्लॉक बटनाच्या मागून निसटलाय. निसटलेला ब्लॉक फार वाईट, कारण बटन दाबलं तरी त्याचा एनसी जुळलेलाच राहतो. रिले दोन्ही चॅनल उघडून परत जुळल्याशिवाय रिसेट घेत नाही, आणि इथेच लोक पॉवर ऑफ-ऑन करतात. त्याने रिलेला पडलेला फॉल्ट पुसला जाऊन मशीन चालू होऊ शकते, पण बटन तसंच अर्धं मेलेलं राहतं.

दोन्ही चॅनल नीट जाऊन-येऊन आहेत तर मग फीडबॅक. मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब ० व्होल्टवर, कोणाला तरी रिसेट दाबून धरायला सांगा आणि लाल प्रोबने वायरच्या वाटेने एकेक टर्मिनल पुढे जा. जिथे २४ व्होल्ट संपतात तिथे वाट तुटलेली आहे. सप्लाय चालू असताना कंटिन्युइटी लावू नका, चुकीचं दाखवेल आणि मीटरही जाऊ शकतो.

एक केस सांगतो, भोसरीतल्या एका छोट्या युनिटमधला कन्व्हेअर, ५ एचपीची मोटर. तक्रार अशी की जेवणाच्या सुट्टीआधी इमर्जन्सी दाबली आणि नंतर रिसेटच होईना, पॉवर ऑफ-ऑन करूनही नाही. चॅनल दोन्ही ठीक होते. फीडबॅकमध्ये के१ च्या २१ नंबरवर २४ व्होल्ट, २२ वर शून्य. म्हणजे के१ चा एनसी उघडा. मग के१ ची कॉइल ए१-ए२ मोजली तर तिथेही शून्य. कॉइलला सप्लाय नाही तरी एनसी उघडा, म्हणजे आतला आर्मेचर परत आलेला नाही. शेजारी के२ तसाच, त्याच कंपनीचा, त्यामुळे समोरच्या छोट्या खिडकीतला प्लंजर दोघांचा ताडून बघता आला, के१ चा किंचित आत बसलेला होता.

आता मेन आयसोलेटर बंद करा, कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात, आणि तिन्ही फेज मेल्याची मीटरने खात्री करा. इमर्जन्सी दाबलीय म्हणून मोटर मेली असं इथे अजिबात धरायचं नाही, कारण आपण जो फॉल्ट शोधतोय तो नेमका न तुटणाऱ्या पोलचाच आहे. मग मोटरकडच्या वायर सोडून प्रत्येक पोल वरून-खालून मोजा. के१ चे दोन पोल उघडे होते, एक थेट जुळलेला. तो वेल्ड झालेला.

चिकटलेला पोल स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून सोडवायचा नाही, घासून परत बसवायचा नाही, कॉन्टॅक्टर बदलायचा. आणि का चिकटला ते शोधल्याशिवाय नवा लावला तर तोही तसाच जाणार. इथे माल अडकला की ऑपरेटर मोटर थोडी-थोडी पुढे ढकलत होता, म्हणजे दर वेळी पूर्ण स्टार्टिंग करंट तोडायचा. कॉन्टॅक्टर साध्या मोटर ड्यूटीसाठी, म्हणजे एसी-३ साठी बरोबर निवडलेला होता, पण इंचिंगसाठी एसी-४ चं रेटिंग बघावं लागतं आणि ते बरंच कमी असतं. दुसरी दोन नेहमीची कारणं म्हणजे कॉइलची ढिली वायर किंवा पडलेलं २४ व्होल्ट, त्याने कॉन्टॅक्टर थरथरतो, आणि पुढे शॉर्ट सर्किट होऊन गेलेलं असणं.

नवा घेताना एक बघा. एनसी ‘मिरर कॉन्टॅक्ट’ हवा, हे आयईसी ६०९४७-४-१ मध्ये दिलंय, म्हणजे एकही मेन पोल चिकटलेला असेल तर हा एनसी जुळूच शकत नाही. डेटाशीटमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर बाजूला मिळणारा कुठलाही ऑक्झिलरी ब्लॉक चालत नाही.

उलटी तक्रार, म्हणजे रिसेट नको तेव्हा होतो, ती मला जास्त धोक्याची वाटते कारण मशीन चालत असते आणि कोणी तक्रारच करत नाही. बटन सोडल्या सोडल्या रिले पिकअप होत असेल तर रिसेटच्या टर्मिनलवर लूप आहे का, ऑटो रिसेटचं वायरिंग केलंय का बघा, नाहीतर रिसेट बटनच आत अडकलेलं असेल. तपासायला इमर्जन्सी दाबा, रिसेट दाबून धरा आणि धरलेलं असतानाच इमर्जन्सी सोडा. मॉनिटर्ड मॅन्युअल रिसेट असेल तर रिसेट दाबलेलं आहे तोवर रिले उचलणार नाही. उचलला तर तो नुसता बटनाचा कॉन्टॅक्ट जुळलेला आहे एवढंच बघतोय, दाबून सोडल्याचं नाही. आणि रिसेटने मोटर थेट सुरू होत असेल तर स्टार्टची कमांड कुठेतरी धरून राहिलीय. आयएसओ १३८५० प्रमाणे रिसेटने फक्त परवानगी मिळायला हवी, चालू करायला स्टार्टच दाबावं लागलं पाहिजे.

सगळं जोडून झालं की मशीन कोणाच्या हाती द्यायच्या आधी, मोटरची पॉवर आयसोलेट ठेवून फक्त कंट्रोल सप्लायवर दोन टेस्ट करा, प्रत्येक वायर सोडताना आणि लावताना कंट्रोलही बंद करूनच. के१ च्या एनसीची वायर काढून रिसेट दाबा, रिले उचलला नाही पाहिजे, मग ती लावून के२ ची काढून तेच. उचलला तर फीडबॅक कुठेतरी बायपास आहे, जुना लूप बहुतेक डक्टच्या आत सापडतो. दुसरी टेस्ट, एका चॅनलची वायर काढा आणि रिसेट दाबा, मग दुसऱ्या चॅनलची काढून तेच, एकदाही उचलला नाही पाहिजे. या दोन्ही पास झाल्या की मग आयसोलेटरचं कुलूप काढा आणि एकदा चालत्या कन्व्हेअरवर प्रत्येक इमर्जन्सी बटन स्वतः दाबून बघा, एखाद-दुसरं नाही, लाइनवरची सगळी.