स्मरणिकेतले २० पेन्सिल-चेहरे: साधन निवडण्याआधीची तयारी

काम असं आहे: स्मरणिकेत २० जणांचे फोटो पेन्सिलने रेखाटल्यासारखे छापायचे आहेत, प्रत्येक ६ × ८ सेंटिमीटर. त्यासाठी साधनं तीन: फोनचं फिल्टर अ‍ॅप, एआयने चित्र बनवणारं डिफ्यूजन मॉडेल आणि गिंपसारखं डेस्कटॉप एडिटर. आधी हा आकार पिक्सेलमध्ये मोजा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, तो साधारण ७०९ × ९४५ भरतो. एवढं फोनचं फिल्टर अ‍ॅपही सहसा देतं, त्यामुळे केवळ आकारावरून अ‍ॅप बाद करू नका.

मग मूळ फाइली मागवा. मेसेजमधून फिरून आलेल्या फोटोत फाइल दाबून लहान केल्याचे चौकोनी डाग असतात आणि पेन्सिलचा परिणाम तेच गडद करून दाखवतो.

आता सगळ्यांत अवघड ३ फोटो बाजूला काढा: एक चष्म्याचा, एक उजेडाकडे पाठ असलेला, एक जुना फिकट. तिन्ही साधनांची परीक्षा यांच्यावरच घ्या, कारण सोपा फोटो सगळीकडे छानच दिसतो. अ‍ॅपमधून आलेली तिन्ही चित्रं शेजारी ठेवून रेषांची जाडी पाहा. ती वेगवेगळी असेल आणि बदलायची सोय नसेल, तर २० चेहरे एका हातचे वाटणार नाहीत.

डिफ्यूजन मॉडेलमध्ये फोटोवरून चित्र करताना डीनॉइझिंगची, म्हणजे मूळ फोटो किती बदलायचा याची पातळी ०.३ च्या आसपास ठेवली तर शैली जेमतेम उतरते. ०.६ च्या पुढे गेलात तर चेहरा दुसऱ्याच माणसाचा होऊ लागतो. स्टेबल डिफ्यूजन हे असंच एक मॉडेल चित्राची प्रत्येक बाजू आठपट लहान करून त्यावर काम करतं. १६ पिक्सेल रुंद डोळ्याला तिथे आडवी दोनच घरं मिळतात, बाकीचा डोळा मॉडेल अंदाजाने रंगवतं. कंट्रोलनेट या जोडसाधनाने बाह्यरेषा धरून ठेवता येते, पण ओळख पटते ती पापणीच्या वळणावरून, ओठांच्या कोपऱ्यावरून. घरच्यांनी उघडून बघायची स्मरणिका आहे, इथे अंदाज नको. मुखपृष्ठावर चेहरे नसलेलं चित्र हवं असेल तर मात्र हे मॉडेल जरूर वापरा. फक्त पाटीवरची अक्षरं तपासा, ती अनेकदा बिघडतात.

म्हणून चेहऱ्यांसाठी माझा कौल डेस्कटॉप एडिटरला. गिंपमध्ये फोटो कृष्णधवल करा, लेयरची प्रत काढा, ती उलटी करा, तिचा मोड डॉज ठेवा आणि तिला गॉशियन ब्लर द्या. ब्लरची त्रिज्या वाढवली की छटा भरते, कमी केली की बारीक रेषा उरतात. पण त्याआधी सगळे फोटो एकाच मापात कापा, चेहऱ्याची उंचीही सारखी ठेवा. हे चुकलं तर एकच त्रिज्या प्रत्येक चेहऱ्यावर वेगळी दिसेल. फोटोत दाणे असतील तर तेही आधीच कमी करा, नाहीतर गालांवर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके येतात. पांढरे कपडे या पद्धतीत कागदात विरून जातात, तिथे कॉलरची रेघ हाताने ओढायला वेळ राखून ठेवा.

शेवटी ते ३ चेहरे खऱ्या मापात, स्मरणिकेच्याच कागदावर छापून घ्या आणि त्या माणसांना ओळखणाऱ्या कुणाला तरी नावं न सांगता दाखवा. ओळखताना ते अडखळले, तर त्रिज्या बदलून पुन्हा छापा. उरलेल्या १७ फोटोंना त्यानंतरच हात लावा.