उद्याचा रंग सगळ्यांना माहीत असतो, मग टीझर कशाचा? बडोद्याच्या बुटीकमधली नवरात्र

बुटीकच्या सोशल मीडियाचं काम नव्याने हाती घेणाऱ्या मुली नवरात्रीसाठी बहुतेक एकच कल्पना घेऊन येतात. रोज संध्याकाळी पोस्ट टाकायची, ‘ओळखा पाहू, उद्याचा रंग कोणता?’ पण तो रंग गिऱ्हाइकाच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर आधीच येऊन पडलेला असतो. दांडिया बाजारातल्या मराठी घरात विचारा, नाहीतर अलकापुरीतल्या ऑफिसात. गुरुवारी पिवळा आणि शुक्रवारी हिरवा, हे तिथे सगळ्यांना पाठ असतं. टीझरमध्ये लपवायचं असतं ते त्या रंगात आपण काय केलंय ते. रावपुऱ्याजवळच्या एका छोट्या बुटीकमध्ये मी हे काम शिकले. तिथल्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, “रंग नको लपवू गं, दुपट्टा लपव.”

आधी रंगांचं गणित समजून घ्या, कारण खरेदी त्यावर ठरते. नऊ रंगांची ही प्रथा शास्त्रातली नाही. ती मराठी वर्तमानपत्रांनी गेल्या वीसेक वर्षांत रुजवली. बहुतेक याद्यांमध्ये सात रंग वाराला बांधलेले असतात: रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा आणि शनिवारी राखाडी. घटस्थापना ज्या वारी, तिथून मोजायला सुरुवात. 2024 मध्ये ती 3 ऑक्टोबरला, गुरुवारी होती, म्हणून पहिला रंग पिवळा आला. 2025 मध्ये 22 सप्टेंबरला सोमवार होता, म्हणून पांढऱ्याने सुरुवात झाली. सात वार संपल्यावर उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतले रंग येतात आणि याद्यांमध्ये फरक पडतो तो इथेच. एक यादी निवडा, घटस्थापनेच्या महिनाभर आधी प्रोफाइलवर वरती पिन करा आणि मग बदलू नका. वाराचे सात रंग पक्के असल्यामुळे त्यांचं कापड यादीची वाट न पाहता घेता येतं.

आणि स्टोरीवर ‘दिवस चौथा’ असं कधीच लिहू नका, ‘गुरुवार, 25 सप्टेंबर’ असं लिहा. 2025 मध्ये तिथी वाढली आणि 22 सप्टेंबरच्या घटस्थापनेनंतर दसरा थेट 2 ऑक्टोबरला आला, म्हणजे गरब्याच्या रात्री दहा झाल्या. एक ते नऊ आकडे घालून डिझाइनं तयार ठेवणाऱ्यांची अशा वर्षी तारांबळ उडते.

आता बडोद्याची खास गोष्ट. मुंबई-पुण्यात नऊ रंग म्हणजे दिवसभराची साडी किंवा कुर्ता, ऑफिसातला ग्रुप फोटो. बडोद्यात रात्रीचा गरबा हेच मोठं प्रकरण, आणि गरब्याची चणिया-चोली एकरंगी नसतेच. त्यात आभला भरत म्हणजे आरशांचं भरतकाम, गामठी पट्ट्या, लटकणं, फुमतं असे सतरा रंग असतात. पांढऱ्या सोमवारी पांढरीच चणिया-चोली घालून मैदानावर जाणारी मुलगी क्वचित दिसेल. म्हणजे गिऱ्हाईक एकच असलं तरी तिच्या गरजा दोन: दिवसा त्या रंगाचं काहीतरी साधं आणि रात्री त्या रंगाची झाक असलेलं घेरदार. नऊ रंगांचे नऊ पूर्ण ड्रेस हा छोट्या बुटीकला परवडणारा धंदा नाही. कोणी नऊ विकत घेत नाही, आणि राखाडी चणिया-चोली दसऱ्यानंतर तुमच्याच रॅकवर लटकत राहते.

काकूंची रचना अशी होती. मोतिया रंगाची सुती चणिया, पाच मीटर घेराची, सगळ्या रंगांना एकच. तिच्यावर अडीच मीटरचा रंगीत दुपट्टा, त्याला आभल्याची किनार. ब्लाउज फक्त चार रंगांत: लाल, हिरवा, गडद निळा आणि राणी. समजा चणिया 2,200 रुपयांना आणि दुपट्टा 650 ला. एक चणिया आणि तीन दुपट्टे घेतले की 4,150 मध्ये गिऱ्हाइकाच्या तीन रात्री भागतात. शिवाय तोच दुपट्टा दिवसा पांढऱ्या कुर्त्यावर ऑफिसात जातो. दुपट्टे रंगवून घेताना एका रंगाचे सगळे नग एकाच खेपेत रंगवून घ्या. दोन वेळा रंगवले तर छटा बदलते आणि फोटोतली हळद हातात लिंबू होऊन येते.

कोणत्या रंगाचे किती, हे ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: नवरात्रीनंतर हे कोण घालेल? पिवळा हळदीच्या कार्यक्रमाला जातो, लाल आणि हिरवा लग्नसराईत जातात, राणी तर बारमाही. हे दहा-दहा घेता येतात. नारिंगी आणि मोरपंखी सहा-सहा. राखाडीचा दुपट्टा बनवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या शनिवारी ऑक्सिडाइज्ड दागिने विका: झुमके, हासली, कमरेचा पट्टा. राखाडी झाक तीच देतात आणि मोतिया चणियावर ते उठून दिसतात. फक्त मंगळ बाजारात समोरच ढीगभर स्वस्त मिळतात, म्हणून सुटे विकू नका, दुपट्ट्याबरोबर जोडी लावून द्या.

कॅलेंडर मागून पुढे आखायचं असतं. 2025 चंच घ्या. घटस्थापना 22 सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्या आदल्या दिवशी. त्याआधीचा पंधरवडा पितृपक्षाचा, आणि बडोद्यातल्या मराठी घरांमध्येच नव्हे, गुजराती घरांमध्येही ‘श्राद्ध चालू आहेत’ म्हणून नवे कपडे टाळणारे पुष्कळ. त्याच्याही आधी 27 ऑगस्टला गणपती बसले आणि 6 सप्टेंबरला विसर्जन झालं. म्हणजे मापाने शिवायच्या ऑर्डरी गणपतीआधी आणि गणपतीत घ्यायच्या, पितृपक्षात मास्टरजींनी शिवायच्या, आणि तेव्हा पोस्टमध्ये ‘घ्या घ्या’ न करता कामाचे तुकडे दाखवायचे: आभला टाकणारा हात, रंगवून वाळत घातलेले दुपट्टे, किनार जोडणारी मशीन. ज्यांना या दिवसांत खरेदी करायची नसते, तेही हे बघतात आणि सेव्ह करून ठेवतात. शिलाईच्या ऑर्डरी बंद होण्याची तारीख ठळक जाहीर करा आणि पाळा. नवरात्र सुरू झाल्यावर मास्टरजी फक्त उंची कमी करणं, हुक लावणं एवढंच करतील.

म्हणूनच नऊ दिवसांतले टीझर शिवायच्या मालाचे असून चालत नाहीत. आज दाखवलं ते उद्या अंगावर हवं, तर तयार दुपट्टा, ब्लाउज आणि दागिने एवढंच विकता येतं.

पिवळ्या गुरुवारचंच बघू. त्याचं काम बुधवारी सुरू होतं. बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास पहिली स्टोरी: दुपट्ट्याचं फक्त एक टोक, लटकण हलतंय, पिवळा नीट दिसतोय, पण बांधणी आहे की साधं रंगवलेलं ते कळत नाही. खाली दोन पर्यायांचा पोल, ‘बांधणी की आभला?’ पाच वाजता दुसरी स्टोरी: पूर्ण दुपट्टा चणियावर, किंमत लिहिलेली, किती नग शिल्लक आहेत ते लिहिलेलं आणि ‘आज साडेआठपर्यंत दुकानात’ ही ओळ. ‘किमतीसाठी मेसेज करा’ लिहिलंत तर निम्म्या बायका पुढे सरकतात आणि उरलेल्यांना उत्तर देत तुम्ही दुकानात गिऱ्हाईक सोडून मोबाइल धरून बसता. नऊनंतर काही टाकू नका. लोक मैदानावर असतात, गरबा बारापर्यंत चालतो. गुरुवारी सकाळी नऊला कोणा गिऱ्हाइकाचा पिवळा दुपट्टा घातलेला फोटो, तिला विचारून. आणि दुपारी बाराला हिरव्याचं टोक.

हे सगळं स्टोरीत का आणि पोस्टमध्ये का नाही, हे नीट लक्षात घ्या. स्टोरी चोवीस तासांत जाते, ‘उद्या पिवळा’ शिळं व्हायच्या आत. फीडमधली पोस्ट मात्र तारखेच्या क्रमाने दिसत नाही. बुधवारी टाकलेली पोस्ट कोणाला शनिवारी दिसते, आणि राखाडीच्या दिवशी ‘उद्या पिवळा’ वाचून ती बुचकळ्यात पडते. म्हणून फीडवर कपड्याचा पूर्ण फोटो, किंमत आणि माहिती, ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द वगळून. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट यादी करताना दोन मर्यादा: एका यादीत 256 जणच, आणि ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. बिल करताना “बेन, आमचा नंबर सेव्ह करून ठेवा” असं म्हणायची सवय काकूंनी गणपतीपासूनच लावली होती.

रीलला गाजलेलं गरबागीत लावायचा मोह होईल. बिझनेस खात्याला पुष्कळ गाणी उपलब्धच नसतात, आणि दुसरीकडून उचलून लावलं तर आवाज बंद केला जाऊ शकतो. आम्ही गल्लीतल्या ढोलवाल्याकडून साधा ठेका रेकॉर्ड करून घेतला.

आता ज्यावरून सर्वात जास्त माल परत येतो ती गोष्ट, फोटोतला रंग. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फोटो काढला की गडद निळा आणि जांभळा एकमेकांत मिसळतात. जांभळा तर फोनला हमखास निळा दिसतो. पिवळा फोटोत फिका पडतो, कारण प्रकाश जास्त धरला जातो. लाल इतका भडकतो की त्यातलं भरत दिसेनासं होतं. उपाय खर्चाचा नाही. सकाळी नऊ-दहाला ओट्यावर सावलीत, उन्हात नव्हे. शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून पहिला फोटो काढायचा. कागद पिवळट किंवा निळसर दिसला तर फोनच्या एडिटमध्ये तो पांढरा होईपर्यंत उष्णता कमी-जास्त करायची आणि तीच सुधारणा बाकी फोटोंना लावायची. पिवळा आणि लाल टिपताना स्क्रीनवर कापडावर बोट दाबून धरायचं, फोकस लॉक झाला की प्रकाश थोडा खाली ओढायचा. आभल्यावर समोरून फ्लॅश मारला तर नुसते पांढरे ठिपके येतात, म्हणून कापड जरा तिरपं धरा. शेवटी तो फोटो दोन वेगळ्या फोनवर उघडून खऱ्या दुपट्ट्याशेजारी धरा. एका फोनवर पटला आणि दुसऱ्यावर नाही, तर स्टोरीत छटा शब्दांत लिहा: ‘हळदीचा पिवळा, लिंबाचा नाही’, ‘मोरपंखी, रामा रंगाकडे झुकणारा’.

चाललंय की नाही, हे लाइकवरून कळत नाही. पोलला मतं भरपूर आणि पाच वाजताच्या स्टोरीला उत्तरं नाहीत, तर टीझर गंमतीचा झाला पण कपडा किंवा किंमत पटली नाही. उत्तरं भरपूर आणि दुकानात कोणी नाही, तर वेळ चुकली, पाच म्हणजे उशीर झाला: घरी जायच्या वाटेवरच्या बायकांना ती स्टोरी साडेचारच्या आत दिसायला हवी. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एवढंच विचारा, “कशात बघितलंत?” स्टोरी, स्टेटस, मैत्रीण, की रस्त्यावरून जाताना. सुरुवातीच्या दोन-तीन रंगांतच वहीत चित्र दिसू लागतं, आणि उरलेल्या रंगांच्या वेळा त्यावरून हलवता येतात.

शेवटच्या रंगाच्या दुपारी नवा टीझर नसतो. तेव्हा उरलेले पिवळे, लाल, राणी दुपट्टे मोजायचे, चणिया बाजूला ठेवायच्या आणि तेच दुपट्टे साध्या कुर्त्यावर घालून दिवाळीचे फोटो काढायला घ्यायचे. दसऱ्याच्या सकाळी लोक फाफडा-जलेबीच्या रांगेत असतात, तोवर ते फोटो तयार हवेत.