सातव्या महिन्यात गाऊन ओला झाला की नाही, यावरून दुधाचा हिशोब लावताय? या चुका टाळा

आमच्या पंचवटीतल्या घरात दोन बाळंतपणं झाली, आधी माझं आणि मग धाकट्या जावेचं. मला नऊ महिन्यात एक थेंब आला नाही, तर सासूबाईंनी पावडरचा डबा आधीच आणून ठेवला. धाकटीला सातव्या महिन्यातच सकाळी गाऊनवर पिवळट डाग दिसायला लागले तेव्हा "हिला काही कमी पडणार नाही" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. झालं उलटंच. मला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दूध उतरलं, आणि तिला सिझेरियननंतर चौथा दिवस उजाडला.

पहिली चूक हीच, गळणं म्हणजे भरपूर दूध आणि न गळणं म्हणजे कोरडं. साधारण चौथ्या महिन्यापासूनच छातीत चीक तयार व्हायला लागतो, बाहेर दिसो न दिसो. तोवर इस्ट्रोजेनमुळे दुधाच्या नळ्या वाढत असतात आणि प्रोजेस्टेरॉनमुळे दूध बनवणाऱ्या बारीक पिशव्या, म्हणून छाती जड होते, दुखते, निळ्या शिरा दिसतात, स्तनाग्राभोवतीचा भाग काळपट होतो आणि त्यावर बारीक पुटकुळ्या येतात. त्या पुटकुळ्या फोडू नका आणि साबणाने घासूही नका, त्यातून येणारं तेल त्वचा मऊ ठेवतं.

मग दूध आधीच का येत नाही? कारण वार पोटात असेपर्यंत तिच्यातून येणारं प्रोजेस्टेरॉन ब्रेक लावून बसलेलं असतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन गरोदरपणात भरपूर असतं, पण हा ब्रेक सुटत नाही. बाळंतपणात वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपकन खाली येतं आणि मग साधारण दोन-तीन दिवसांत छाती भरते. म्हणजे आधी किती गळलं याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सिझेरियन, डायबिटीस, खूप रक्तस्राव यामुळे दूध उतरायला उशीर होऊ शकतो, आणि वारेचा तुकडा आत राहिला तर ब्रेक पूर्ण सुटतच नाही, अशावेळी रक्तस्रावही लांबतो, तो डॉक्टरांना सांगायचा.

दुसरी चूक, दाबून बघणं. "बघू तरी आहे का" म्हणून धाकटी रोज पिळायची. स्तनाग्र चोळलं की ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्यानेच गर्भाशय आकसतं, म्हणून आधी लवकर डिलिव्हरी झालेली, वार खाली असलेली किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेली बाई असेल तर हे अजिबात करायचं नाही. डायबिटीस असेल तर काही डॉक्टर ३६-३७ आठवड्यांनंतर चीक काढून साठवायला सांगतात, पण ते त्यांना विचारूनच. आपोआप गळून गेला म्हणून चीक संपत नाही हो, तो बनतच राहतो. आत सुती रुमाल ठेवायचा आणि ओला झाला की बदलायचा, बस.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. पहिल्या दोन दिवसांत "दूधच नाही" म्हणून मध, गुटी, नाहीतर पावडर. गाईच्या चिकाचा खरवस तांब्याभर बघितलेला असतो ना, त्यामुळे चमचाभर चीक बघून घाबरायला होतं! पण पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभरच पितं. बाळ बाहेरच्या दुधाने झोपून राहिलं की छातीला लागत नाही आणि मग खरंच दूध मागे पडतं.

धाकटीच्या बाळाचं वजन जन्माला २.९ किलो होतं, तिसऱ्या दिवशी २.७. घरात रडारड. पण पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन लंगोट ओले झाले होते आणि काळी शी हिरवट होत होती, म्हणजे चीक पोटात जात होता. नर्सने हिशोब केला, २०० ग्रॅम म्हणजे सुमारे ७ टक्के, तेवढं उतरतं म्हणाली, १० टक्क्यांकडे गेलं तर आम्ही बघू. दर दोन-तीन तासांनी छातीला लावायला लावलं, बाळ झोपलं तर उठवून. चौथ्या रात्री छाती दगडासारखी झाली, सहाव्या दिवशी सहाच्या वर लंगोट आणि पिवळी शी, तेराव्या दिवशी वजन २.९५.

तीन दिवस पूर्ण होऊनही छाती जड झाली नाही, लंगोट कोरडे आहेत किंवा बाळ सुस्त आहे, तर थांबू नका, बाळाला दाखवाच, तेव्हा वरचं दूध लागलं तरी ते डॉक्टर ठरवतील.

आणि गरोदरपणात थेंब न येणं सोडा, पूर्ण नऊ महिन्यांत छातीचा आकारच बदलला नाही, तर तेवढं मात्र आधीच सांगून ठेवा, क्वचित दुधाच्या पिशव्याच कमी असतात. चीक गुलाबी दिसला तर बऱ्याचदा नवीन बारीक रक्तवाहिन्यांमुळे असतो आणि आपोआप थांबतो, तरी एकदा दाखवायचा, आणि एकाच बाजूने रक्त किंवा सोबत गाठ असेल तर त्याच आठवड्यात.