व्हिडिओंचं वार्षिक कॅलेंडर: या चुका टाळा

मागच्या वर्षीची शीट कॉपी करून फक्त साल बदलणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी छोटं असल्याने तिथीचे सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे जातात. 2026 मध्ये 17 मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्यानंतरचे सण पुढे गेले. संक्रांत किंवा 15 ऑगस्टला हा प्रश्न नाही.

म्हणून शीटमध्ये तारखेशेजारी एक रकाना ठेवा: ठरलेली, तिथीची की जाहीर होणारी. गावची जत्रा बहुधा तिथीची असते, तर दहावी-बारावीच्या परीक्षा जाहीर होणाऱ्या. वेळापत्रक येईपर्यंत परीक्षेसमोर फक्त ‘फेब्रुवारी-मार्च’ लिहा, अंदाजाने तारीख टाकू नका.

दुसरी चूक म्हणजे सणाच्या दिवशीच व्हिडिओ टाकणं. मखर कसं करायचं हे चतुर्थीला सकाळी कोण बघणार? तोवर मखर उभं राहिलेलं असतं. सजावटीचा व्हिडिओ 21 दिवस आधी, म्हणजे 24 ऑगस्टला हवा. एडिटिंग आणि दुरुस्तीला आठवडा धरला तर शूटिंग 17 ऑगस्टला. नैवेद्याच्या पाककृतीला चार-पाच दिवस आधी पुरतात. शुभेच्छा मात्र त्याच दिवशी. सणाची तारीख B2 मध्ये असेल तर प्रसिद्धीची तारीख अशी काढा:

```
=B2-21
```

इथे `#VALUE!` आलं तर तारीख मजकूर म्हणून साठवली गेली आहे. अशी तारीख सहसा रकान्यात डावीकडे चिकटलेली दिसते. गूगल शीट्समध्ये Locale अमेरिकेचं असेल तर 14/9/2026 तारीख मानली जात नाही, कारण चौदावा महिनाच नाही. ही चूक निदान दिसते तरी. 7/9/2026 मात्र गुपचूप 9 जुलै होऊन बसते. आधी File > Settings मध्ये Locale India करा, मग तारखा पुन्हा टाइप करा. आधीच्या चुकलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत.

आता फुटेजची अडचण. ढोल-ताशा, मिरवणूक, विसर्जन ही दृश्यं ऑगस्टमध्ये कुठून आणणार? ती मागच्या सणातच घेऊन ठेवावी लागतात. म्हणून उत्सवाच्या ओळीखाली आणखी एक ओळ टाका: ‘पुढच्या वर्षासाठी 15 क्लिप, प्रत्येकी 8-10 सेकंद, उभ्या फ्रेममध्ये’. पाटी, बॅनर किंवा साल दिसणारी चौकट टाळा, नाहीतर पुढच्या वर्षी ती क्लिप शिळी वाटते.

परीक्षेच्या काळातही उशिराचीच चूक होते: ऐन पेपरांच्या आठवड्यात ‘अभ्यासाचं वेळापत्रक कसं आखावं’ येतं. ते डिसेंबरमध्येच हवं. पेपर चालू असताना आदल्या रात्रीची उजळणी, केंद्रावर काय न्यायचं, एवढंच तीस सेकंदांत सांगा.